सहीखालची ओळ

वर्कशॉपात त्यांना सगळे प्लास्टरमामा म्हणत. पाय गेलेल्या माणसाच्या पायाच्या उरलेल्या भागावर ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळायची, हलक्या हातानं दाबून माप घ्यायचं आणि त्या साच्यावरून नवा पाय घडवायचा, हे काम त्यांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं केलं. हात असा की माणूस टेबलावर आडवा पडून गप्पा मारता मारता डुलकी घ्यायचा. मग कंबरेनं दगा दिला. ओणवं राहवेना. मोठे साहेब म्हणाले, "मामा, आता ऑफिसात बसा. पेशंटशी पत्रव्यवहार तुम्ही बघा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

झालं! मामांचे साहेब झाले. खुर्ची फिरती, टेबल काचेचं, दारावर पाटी. बाहेर वर्कशॉपात अजून "मामा", आत "साहेब". मधे फक्त एक दार होतं, पण मामांना ते दार ओलांडताना दर वेळी शर्ट नीट खोचावासा वाटायचा.

खरं सांगायचं तर मामांना त्या खुर्चीची धास्ती होती. शिक्षण बेताचं. टायपिंग एका बोटानं. मेल लिहून झाला की चार वेळा वाचायचे, पुन्हा ऱ्हस्वदीर्घासाठी पाचव्यांदा. आणि तेवढ्यात त्यांच्या नजरेत भरली ती गुडघेवाल्याची सही.

हा गुडघेवाला म्हणजे कृत्रिम पायांना लागणारे गुडघ्याचे सांधे पुरवणारा व्यापारी. माल कधी वेळेवर पाठवायचा नाही, पण मेल काय देखणा! खाली नाव, त्याखाली हुद्दा, फोन, कंपनीचं चिन्ह आणि सगळ्यांत शेवटी तिरक्या अक्षरात एक सुविचार. बरं, तोही दर मेलला नवा. आज चिकाटीवर, उद्या नेतृत्वावर. मामा त्याचे मेल मालासाठी कमी आणि त्या ओळीसाठी जास्त उघडायला लागले. याला म्हणतात माणूस, त्यांना वाटायचं. आपल्या मेलखाली काय, तर नुसतं नाव. किराणा दुकानाच्या पावतीसारखं.

मग कॉम्प्युटरवाली आली. ही पोरगी आठवड्यातून एकदा येऊन ऑफिसातली मशिनं नीट करून जायची. मामांनी दार लोटून घेतलं आणि कानात सांगावं तसं विचारलं, "त्या गुडघेवाल्यासारखं आपल्याकडे होतं का गं?"

"होतं की. तुम्ही मला वाक्यांची यादी द्या. सर्व्हर त्यातलं एकेक आपोआप उचलून सहीखाली लावेल. पण साहेब, दोन गोष्टी. तुम्ही 'पाठवा' दाबल्यावर ते वाक्य लागणार, म्हणजे लिहिताना तुम्हाला दिसणार नाही. तुमच्या पाठवलेल्या मेलांतही दिसणार नाही. ज्याला जाईल त्यालाच दिसेल."

"बरं बरं."

"आणि कोणाकोणाला जाऊ दे? व्यापाऱ्यांना वेगळी सही, पेशंटना साधी, असं करता येतं."

मामांना यातलं निम्मं समजलं नव्हतं. पण साहेबानं "म्हणजे काय गं?" कसं विचारायचं? मान डोलावून ते म्हणाले, "सगळ्यांनाच जाऊ दे. छाप पडली पाहिजे."

त्या पोरीनं भुवया किंचित वर केल्या. मामांनी त्या पाहिल्या आणि न पाहिल्यासारखं केलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना त्या भुवया आठवत राहिल्या.

वाक्यं निवडायचा कार्यक्रम घरी चालला. मोबाइलवर आलेली, कॅलेंडरवरची, कुठल्याशा भाषणात ऐकलेली, सगळी मामांनी गोळा केली. बायको भाजी निवडत होती, हे वाक्यं निवडत होते. देवाधर्माची बाजूला, कारण ऑफिस आहे. आईवरची बाजूला, वाचून रडू येतं. विनोदी तर नकोच, आधीच वर्कशॉपातले लोक हसायला टपलेले. लांबलचकही नको, मोबाइलवर दोन ओळींत बसलं पाहिजे. वाचल्यावर माणसाला वाटलं पाहिजे की पलीकडे कोणीतरी कर्तबगार बसलेलं आहे.

"अहो, तुमचं नाव आहे ना खाली? मग त्याच्याखाली आणखी शहाणपण कशाला?" बायको म्हणाली.

"तुला नाही कळायचं. प्रोफेशनल दिसतं."

"दिसू दे बाई."

पण एक वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं तेव्हा तीही थांबली. 'स्वतःच्या पायांवर उभा राहतो, त्यालाच जग ओळखतं.'

"हे मात्र ठेवा," ती म्हणाली. "हे तुमचंच आहे."

आणि ते खरंच होतं. झाडू मारायला म्हणून वर्कशॉपात लागलेला माणूस, कोणाचा हात डोक्यावर नाही, कोणाची चिठ्ठी नाही, तो आज काचेच्या टेबलामागे बसला होता. मामांचा ऊर भरून आला. त्यांनी ते वाक्य यादीत घातलं. पहिली चाचणी म्हणून बायकोच्या मोबाइलवर मेल पाठवला, खाली तिरकी ओळ झळकली आणि दोघांनी मिळून ती तीनतीनदा वाचली.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मामांचा गुन्हा किती मोठा ते कळणार नाही. वर्कशॉपात एक नियम होता. पेशंटसमोर 'पाय' म्हणायचं ते फक्त पायाबद्दल. 'काढता पाय घेतला', 'पाय घसरला', 'कोणाचे पाय ओढू नका', असलं काही म्हणजे काही तोंडातून जाता कामा नये. आपली भाषाही अशी की पावलोपावली पाय. बघा, माझ्याही तोंडून गेलंच! तर ज्याच्या तोंडून जाईल त्यानं त्या दिवशी सगळ्यांचा चहा करायचा. हा नियम कोणी केला? प्लास्टरमामांनी. फार पूर्वी पाय गेलेल्या एका हमालाला ते सहज म्हणाले होते, "चला, पाय उचला लवकर." तो हमाल हसला होता. पण हसण्याआधी क्षणभर त्याचा चेहरा जो झाला, तो मामांनी पाहिला होता. त्या दिवशीचा चहा त्यांनी केला, आणि नियम पडला तो पडलाच.

असा हा माणूस. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या जिभेवर पहारा ठेवणारा. आणि त्या वाक्यात त्याला पाय दिसला नाही! दिसली ती फक्त स्वतःची खुर्ची.

त्याच सुमारास गणिताच्या बाई आल्या. अपघातात गुडघ्याच्या वरून पाय गेलेला. शाळेत शिकवायच्या. जखम भरली होती, साचा घेऊन झाला होता, उरलेला भाग जिच्यात बसतो ती खोबण तयार होती. अडलं होतं ते गुडघ्यावर, म्हणजे त्या गुडघेवाल्यावर. बाईंना एकच घाई. शाळा उघडायच्या आत पाय हवा. मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, पहिल्या दिवशी फळ्यासमोर उभ्या राहिलात तर वर्ग तुमचा, नाहीतर दुसरी सोय करावी लागेल. आणि मामांना ठाऊक होतं की घाई आणखी एका कारणानं आहे. पायाचा उरलेला भाग सुरुवातीला आक्रसत जातो. फार दिवस गेले की घेतलेलं माप ढिलं पडतं, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

म्हणून मामांनी बाईंना मेल लिहिले ते अगदी जीव ओतून. गुडघ्याला आठवडाभर उशीर होईल, क्षमस्व. मग बाईंनी विचारलं, शाळा उघडायच्या आत होईल ना? होईल, मी स्वतः पाठपुरावा करतो आहे. शेवटी गुडघा आला. मामांनी पाय लावून बघायची तारीख कळवली आणि खाली मुद्दाम एक वाक्य घातलं: 'येताना शाळेत घालता ते बूट घेऊन या, टाचेची उंची बघूनच पाय बसवावा लागतो.' हे वाक्य ते सगळ्यांना लिहायचे नाहीत. बाई दिवसभर फळ्याशी उभ्या राहणार म्हणून सुचलं होतं.

बाईंचं उत्तर आलं. तारीख मिळाली. आणि पुढे: 'शेवटचं वाक्य खास माझ्यासाठी आहे, की सगळ्यांना जातं?'

मामा खूश झाले. कोणीतरी बारकाईनं वाचतंय! त्यांनी एका बोटानं, पण मोठ्या उत्साहानं टाइप केलं: 'नाही बाई, सगळ्यांना नाही. मुद्दाम तुमच्यासाठीच लिहिलं आहे. मनावर घ्या, पुढे फार उपयोग होईल.'

आणि 'पाठवा' दाबलं.

ठरल्या दिवशी बाई आल्या नाहीत. मामांनी दुसरी तारीख कळवली. उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. वर्कशॉपात तो पाय भिंतीला टेकून उभा, वर नावाची चिठ्ठी. मामा दारातून रोज त्याच्याकडे बघायचे. दिवस चालले होते, शाळा जवळ येत होती, तिकडे माप ढिलं पडत असणार.

मग एके दुपारी बाईंच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज शांत, पण दातांतून येणारा.

"तुमच्याकडून पाय घ्यायचा नाही असं तिनं ठरवलंय. तेवढं सांगायला फोन केला."

"अहो पण का? पाय तयार आहे! आमचं काही चुकलं का?"

"चुकलं? पाय नसलेल्या बाईला 'स्वतःच्या पायांवर उभा राहतो त्यालाच जग ओळखतं' असं लिहून पाठवता? तिनं सभ्यपणे विचारलं, हे माझ्यासाठी आहे का, तर म्हणे मुद्दाम तुमच्यासाठीच, मनावर घ्या! घेतलं हो तिनं मनावर. चार दिवस जेवली नाही ती."

"मी?" मामांचा आवाज चढला. "मी असलं काही लिहीन? जन्मात नाही! तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. थांबा, माझ्यासमोरच आहेत सगळे मेल."

त्यांनी पाठवलेले मेल उघडले. एकेक वाचला. स्वच्छ! क्षमस्व, पाठपुरावा, बूट, टाच. कुठेही ते वाक्य नाही.

"बघा, नाहीये. असं वाक्य मी लिहिलेलंच नाही," मामा ठासून म्हणाले.

नवरा म्हणाला, "वर खोटंही बोलता," आणि फोन बंद झाला.

मामा तणतणत वर्कशॉपात गेले आणि नटबोल्टला म्हणाले, "बघ रे, काय दिवस आलेत! चांगलं करायला जावं तर हे असं." नटबोल्ट म्हणजे वर्कशॉपातला सगळ्यांत जुना कारागीर, मामांच्या बरोबरीचा. हात पुसत तो आत आला. बाईंचा शेवटचा मेल उघडाच होता.

"मामा, हे खाली तीन टिंबं आहेत ती काय?"

"जुनं असतं ते. आधीचेच मेल. कोण वाचतं?"

"दाबा की."

मामांनी दाबलं. बाईंच्या दोन ओळींखाली सगळा जुना पत्रव्यवहार उलगडला, जसा बाईंना मिळाला होता तसा. मामांचा मेल, त्याखाली नाव, हुद्दा आणि तिरक्या अक्षरात ओळ.

आठवडाभर उशीर होईल, क्षमस्व. खाली: 'वाट पाहत बसणाऱ्याच्या वाट्याला फक्त वाट येते.'

होईल, मी पाठपुरावा करतो आहे. खाली: 'कारणं सांगणारे मागे राहतात, करून दाखवणारे पुढे जातात.'

येताना बूट घेऊन या. खाली ते.

नटबोल्ट हळूहळू, अक्षर लावत वाचत होता. तिसऱ्या ओळीशी तो थांबला. हसला नाही. तेच मामांना जास्त लागलं. तो हसला असता तर त्याला दोन शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो नुसता म्हणाला, "मामा, हे तुम्ही?" आणि हात आधीच पुसलेले असताना पुन्हा पुसत बाहेर गेला.

मामांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. जो माणूस हमालाचा तो चेहरा इतकी वर्षं विसरला नव्हता, त्यानं एका बाईच्या चेहऱ्याचं तेच केलं होतं, आणि तो चेहरा बघायलाही तिथे नव्हता. वर तिच्या नवऱ्याला खोटं पाडलं होतं. कॉम्प्युटरवालीनं विचारलं होतं, पेशंटना साधी सही ठेवू का? विचारलं होतं तिनं! छाप पाडायची होती ना? घ्या, पडली छाप.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना, हे ठेवा म्हणून."

"तू भाजी निवडत होतीस. माझं काम काय होतं?"

दुसऱ्या दिवशी मामांनी कॉम्प्युटरवालीला फोन करून ओळी काढायला सांगितल्या. "सगळ्या?" तिनं विचारलं. "सगळ्या. नाव आणि फोन ठेव, बस." मग माफीचा मेल लिहायला बसले. दोन शब्द टाइप केले आणि हात थांबला. मेलनं केलेलं मेलनं कसं पुसायचं? त्यांनी जुनी प्लास्टरची पिशवी खांद्याला लावली आणि बाईंचं घर गाठलं.

दार नवऱ्यानं उघडलं. मामांनी पिशवी खाली ठेवली. "काल मी तुम्हाला खोटं पाडलं. तुमचं खरं होतं. वाक्य माझ्याच मेलखाली होतं. मला बाईंशी बोलू द्या, मग हाकला."

बाई खिडकीशी बसल्या होत्या. बाजूला कुबड्या, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. मामांनी सगळं सांगितलं. गुडघेवाल्याची सही, यादी, सर्व्हर, टाच, बूट. सांगता सांगता त्यांना ऐकू यायला लागलं की हे किती फालतू आहे. एवढ्याशा दिमाखासाठी!

"म्हणजे तुमचं शेवटचं वाक्य बुटांचं होतं," बाई हळू म्हणाल्या.

"हो."

"आणि 'मनावर घ्या' म्हणजे बूट मनावर घ्या."

"हो बाई."

"त्या मेलखाली काय होतं माहितीये? 'हसरा चेहरा हीच माणसाची खरी ओळख.'"

मामांनी मान खाली घातली. ती वर करायची त्यांची हिंमत होईना. "मशिननं केलं असं म्हणायला मी आलो नाही," ते म्हणाले. "वाक्यं मी निवडली. सगळ्यांना जाऊ दे, हेही मीच म्हणालो. मला साहेब दिसायचं होतं. चूक माझी आहे, पाय तुमचा आहे. माझ्यावरचा राग त्या पायावर काढू नका."

बाईंनी मांडीवरचा वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला.

"ते वाक्य खोटं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण ते कोणी कोणाला म्हणावं? माझं मी म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी." मग पिशवीकडे बघून, "हे काय आणलंय?"

"माप. आधीचं आता ढिलं पडलं असेल."

"तुम्ही घेणार? तुम्ही तर ऑफिसात असता ना?"

"आज घेतो."

मामांनी गुडघे टेकले. कंबरेतून कळ आली, त्यांनी ती गिळली. प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळत, दाबत, त्यांचे हात त्यांना आठवेल तसं नाही, हातांना आठवेल तसं चालत होते. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. माप खरंच ढिलं पडलं होतं, चांगलंच. खोबण नव्यानं करावी लागणार होती, आणि शाळा तर परवावर आली होती. हे दोघांनाही समजलं.

नवी खोबण तयार व्हायला काही आठवडे गेले. बाई वर्कशॉपात आल्या, शाळेतले बूट घेऊन. दोन कठड्यांच्या मधे त्यांना आणलं, पाय बसवला, पट्टा आवळला. आता सांगायचं होतं, उभ्या राहा. रोजचं काम. पण मामांच्या तोंडून शब्द फुटेना. नटबोल्ट खाली बघत स्क्रू चाचपत होता.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कठडे धरले आणि उठल्या. डगमगल्या, सावरल्या, मग एक हात सोडला, मग दुसरा.

"राहिले बाई स्वतःच्या पायावर उभी," त्या म्हणाल्या.

सगळ्यांचे चेहरे असे झाले की त्यांनाच विचारावं लागलं, "काय झालं?" तेव्हा नटबोल्टनं घाबरत घाबरत त्यांना चहाचा नियम सांगितला. बाई खळखळून हसल्या. "मग आजचा चहा माझ्याकडे लागला! पण कप घेऊन चालायला अजून येत नाही. उधार ठेवा."

"आजचा मी करतो," मामा म्हणाले. "माझाही राहिलाय."

त्यांनी चहा केला. बाईंना कप दिला तो दोन्ही हातांनी. बाई घोट घेत होत्या, एक हात कठड्यावर. नटबोल्टला वाटलं, आता मोकळं झालंय वातावरण. तो म्हणाला, "मग काय बाई, शाळा कधीपासून?"

"माझ्या वर्गावर दुसऱ्या बाई आल्यात," त्या अगदी सहज म्हणाल्या. आवाजात कुठेही बोच नव्हती. "पोरांना आता त्यांची सवय झाली. पुढच्या वर्षी बघू म्हणालेत."

मामांनी रिकामे कप गोळा केले आणि मोरीत जाऊन विसळायला घेतले. सगळे विसळून झाले. मग पहिल्यापासून पुन्हा विसळायला लागले. बाहेर बाईंच्या बुटांचा आवाज येत होता, एक नेहमीचा, एक नवा, आणि तो ऐकू येऊ नये एवढ्यासाठी त्यांनी नळ मोठा केला.

"मामा, पाणी वाया चाललंय," नटबोल्ट दारातून म्हणाला.

मामांनी नळ बंद केला. पण पाठ वळवली नाही.